रेकॉर्डर चालूच होत नाहीये किंवा फाईल एरर दाखवतोय? सगळ्यात आधी कार्ड बाहेर काढा

हातात मावणारे छोटे व्हॉइस रेकॉर्डर असतात ना, झूम एच१एन, टास्कॅम डीआर-०५, सोनीचे आयसीडी वगैरे, त्यातला एखादा बंद पडला की नवीन माणूस काय करतो तर नवे सेल घालतो, पॉवर बटण दाबून धरतो, आणि स्क्रीन लागली की "चला, चालतंय का बघू" म्हणून लगेच रेकॉर्ड दाबून हॅलो हॅलो करतो. आत कामाचं रेकॉर्डिंग अडकलेलं असेल तर नेमकं हेच करायचं नाही. कारण अर्धवट राहिलेली फाईल कार्डावर असते, पण रेकॉर्डरच्या हिशेबी ती जागा रिकामी असू शकते आणि तुमचं हॅलो हॅलो नेमकं तिच्यावरच जाऊन बसू शकतं. एकदा वरून लिहिलं गेलं की ते परत आणायला कुठलंही सॉफ्टवेअर नाही.

म्हणून बिघाड कुठलाही असो, पहिल्यांदा सेल काढा, मग कार्ड काढून बाजूला ठेवा. मोठं एसडी कार्ड असेल तर त्याच्या कडेला बारीक लॉकचा खटका असतो, तो लॉकवर सरकवा. मायक्रोएसडीला असा खटका नसतो, पण ते ज्या ॲडॅप्टरमध्ये घालून आपण लॅपटॉपला लावतो त्याला असतो, तो वापरा, बहुतेक रीडर तो पाळतात. काही सोनी मॉडेलमध्ये मेमरी आतच असते, तिथे काढण्यासारखं काही नाही, तिथे एवढंच पाळा की काहीही रेकॉर्ड करायचं नाही आणि काहीही डिलीट करायचं नाही.

आता मशीन बघू.

चालूच होत नाही तेव्हा

आधी होल्डचा खटका बघा. हसू नका, "मशीन मेलं" म्हणून जे येतात त्यातले बरेच इथेच सुटतात. एच१एनमध्ये पॉवरचाच स्लायडर उलट्या बाजूला सरकवला की होल्ड लागतो, सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पण पॉवर आणि होल्ड एकाच सरकपट्टीवर आहेत, आणि बॅगेत टाकताना ती आपोआप सरकते.

दुसरं, कार्ड न घालता चालू करून बघा. खराब कार्ड आत असेल तर काही रेकॉर्डर सुरुवातीच्या स्क्रीनवरच अडकून बसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीनच गेलं. कार्डाशिवाय नीट चालू झाला आणि "कार्ड नाही" असं म्हणाला तर तुमचा रेकॉर्डर ठणठणीत आहे, सगळी भानगड कार्डाची आहे, खाली कार्डाच्या भागाकडे जा.

तरीही चालू नाही झाला तर यूएसबीवर लावून बघा. झूम आणि टास्कॅमचे बरेच मॉडेल ५ व्होल्टच्या साध्या चार्जरवर सेलशिवाय चालतात. केबल मात्र चांगली घ्या, तीही खराब निघू शकते. यूएसबीवर चालतो पण सेलवर नाही असं निघालं की उत्तर जवळजवळ मिळालंच: एकतर सेल कमजोर आहेत किंवा सेल जिथे टेकतात त्या पट्ट्या खराब आहेत. दोन्हीवर चालत नसेल तर आतल्या बोर्डाचं काम असू शकतं, तिथे आपण घरी जास्त हात घालू नये.

सेलबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. "अहो याच सेलवर भिंतीवरचं घड्याळ मस्त चाललंय" हे बरोबर असतं, पण घड्याळाला अगदी नावापुरता करंट लागतो. रेकॉर्डरला स्क्रीन, माईक आणि वर कार्डावर लिहिणं असं सगळं एकदम करायचं असतं, कार्डावर लिहिताना करंट जास्त ओढला जातो आणि कमजोर सेलचा व्होल्टेज तिथेच धपकन खाली येतो. किराणा दुकानात स्वस्तात मिळणारे साधे सेल झिंक-कार्बनचे असतात, ते यासाठी कामाचे नाहीत, रेकॉर्डर चालू होतो आणि रेकॉर्ड दाबलं की बंद पडतो. पाकिटावर अल्कलाईन लिहिलेले घ्या किंवा निकेलचे रिचार्जेबल घ्या. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे म्हणून घाबरायचं कारण नाही, चालतात, फक्त झूम-टास्कॅमच्या मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायचा पर्याय असतो तिथे तो बदला, नाहीतर बॅटरीचं चित्र खोटं दाखवत राहील आणि तुम्ही त्याच्या भरवशावर बसाल. आणि दोन सेल लागत असतील तर एक नवा एक जुना असं मिसळू नका.

सेलच्या खणातली पांढरी बुरशी

खण उघडल्यावर स्प्रिंगवर पांढरी भुकटी किंवा हिरवट-निळसर थर दिसला तर सेल गळलाय. अल्कलाईन सेलमधून जे गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साईड, कातडीला आणि डोळ्याला झोंबणारं, हवेतल्या कार्बन डायऑक्साईडशी मिळून त्याची ती पांढरी भुकटी होते. त्यामुळे फुंकर मारू नका, हातमोजे घाला, खण खाली करून भुकटी टूथब्रशने कागदावर झटका.

मग कानात घालायचा कापसाचा बड घ्या, तो पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून नीट पिळा, ओला नको नुसता दमट हवा, आणि पट्टीवर फिरवा. अल्कलाईनची गळती असेल तर बारीक फेस येतो, आम्ल आणि ती भुकटी एकमेकांना मारतायत त्याची ती खूण. फेस थांबेपर्यंत बड बदलत करा. फेस अजिबात आला नाही तर गळणारा सेल बहुतेक झिंक-कार्बनचा होता, मग व्हिनेगर सोडा, पाण्याने दमट केलेल्या बडने पुसा. दोन्हीत शेवट एकच, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे आयपीए म्हणून मागितलं की मिळतं, त्याने पुसून घ्यायचं म्हणजे व्हिनेगर आणि पाणी दोन्ही निघून जातं. नंतर खण उघडा ठेवून पंख्याखाली काही तास वाळू द्या, हेअर ड्रायर मारू नका, प्लास्टिक वाकतं.

नुसती पट्टी काळवंडली असेल तर खोडरबर पुरेसं आहे. पॉलिश पेपर खरखरून घासायचा मोह होतो, पट्टी एकदम चकाचक दिसते पण वरचा निकेलचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच पट्टी गंजते. स्प्रिंग दबून बसली असेल तर चिमट्याने हळूच थोडी बाहेर ओढा, सेल घातल्यावर तो घट्ट बसला पाहिजे, हलवल्यावर खुळखुळ नको. चालू असताना हलकासा धक्का लागला की बंद होतो असा रेकॉर्डर असेल तर ९० टक्के नाही म्हणत पण बहुतेक वेळा ही ढिली स्प्रिंगच असते, आणि अर्धवट फाईली तयार होण्याचं कारणही तीच.

स्प्रिंग खाऊन तुटलीच असेल, किंवा गळती पट्टीच्या मागून आत गेलेली दिसत असेल तर दुकानात द्या, स्प्रिंग बदलून सोल्डर करणं हे चांगल्या मोबाईलवाल्याचं किरकोळ काम आहे.

आता कार्ड: मशीन विचारेल, तुम्ही हो म्हणू नका

कार्ड बिघडलं की रेकॉर्डर, फोन, लॅपटॉप तिघेही एकच प्रश्न विचारतात, फॉरमॅट करू का? टास्कॅमच्या डीआर-०५ वर `MBR Error` `Init CARD` किंवा `Format Error` `Format CARD` असं येतं आणि तिथे नुसतं एंटर दाबलं तरी फॉरमॅट होतं. विंडोजवर `You need to format the disk in drive E: before you can use it` येतं, तिथे Cancel. फोनमध्ये तर घालूच नका.

विंडोज `chkdsk` सुचवेल किंवा कोणीतरी ओळखीचा सांगेल, तेही आत्ता नको. ते कार्ड दुरुस्त करतं हे खरं, पण कार्डावर लिहून दुरुस्त करतं, आणि हरवलेले तुकडे `FILE0000.CHK` अशा नावांनी तोडून ठेवतं. नंतर करायचं असेल तर कॉपीवर करा.

कॉपी म्हणजे काय ते नीट समजून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. फाईली कॉपी-पेस्ट करणं वेगळं. इथे पूर्ण कार्डाची, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, जशीच्या तशी एक मोठी फाईल बनवायची, तिला इमेज म्हणतात. १६ जीबी कार्डाची इमेज १६ जीबीचीच होणार, तेवढी जागा लॅपटॉपवर ठेवा. विंडोजवर Win32 Disk Imager नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईलचं नाव द्या, कार्डाचा ड्राईव्ह निवडा, `Read` दाबा. बाजूलाच `Write` आहे, ते उलटं करतं, कार्डावर लिहितं, त्यामुळे दाबायच्या आधी दोनदा वाचा. `Read Only Allocated Partitions` च्या चौकटीत टिक नको. लिनक्सवाल्यांना ddrescue:

```
lsblk
sudo ddrescue -d /dev/sdX kirtan.img kirtan.map
```

sdX च्या जागी lsblk मध्ये दिसलेलं तुमच्या कार्डाचं नाव, साईज बघून ओळखा, ज्याच्या ओळीत `disk` लिहिलंय ते पूर्ण कार्डाचं नाव घ्या, `part` लिहिलेलं नको. कार्डाचा एखादा भाग वाचता येत नसेल तर Win32 Disk Imager तिथेच एरर देऊन थांबतं, ddrescue तो भाग सोडून पुढे जातं आणि नंतर परत प्रयत्न करतं, म्हणून खरंच आजारी कार्डासाठी लिनक्स बरं.

कार्ड लॅपटॉपला दिसतच नसेल तर सोनेरी पट्ट्या आयपीएने पुसा, दुसरा रीडर लावून बघा. तरीही कुठेच दिसलं नाही तर सॉफ्टवेअरचा विषय संपला, ते काम लॅबचं, तिथे चिपच्या आतल्या पॉईंटला तारा जोडून वाचतात आणि खर्च बराच येतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा गावातल्या सप्ताहात कीर्तन रेकॉर्ड केलं. कार्ड १६ जीबी, आठवड्यापूर्वी रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट केलेलं, त्यावर आधीची दोन रेकॉर्डिंग मिळून २ तासांची, मग तिसरं कीर्तन २ तास १० मिनिटांचं आणि शेवटच्या आरतीला सेल संपले. फॉरमॅट वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. लॅपटॉपवर बघितलं तर तिसरी फाईल शून्य केबी.

शून्य का? वेव्ह फाईलच्या सुरुवातीला एक छोटा हेडर असतो, साधारण ४४ बाईटचा, कधी मोठा, त्यात फाईल किती लांब आहे ते लिहिलेलं असतं. पण रेकॉर्डिंग चालू असताना लांबी कुणाला माहीत, म्हणून बरेच रेकॉर्डर ती जागा मोकळी सोडतात आणि तुम्ही स्टॉप दाबल्यावर भरतात, कार्डाच्या यादीत फाईलची साईज पण तेव्हाच लिहितात. स्टॉप आलाच नाही तर आवाज सगळा कार्डावर पडलाय आणि यादी म्हणते शून्य.

आवाज किती जागा खातो तो हिशोब सोपा आहे. वरच्या सेटिंगला सेकंदाला १,७६,४०० बाईट, म्हणजे तासाला साधारण ६३५ एमबी. आधीची २ तासांची रेकॉर्डिंग म्हणजे १.२७ जीबी, हरवलेलं कीर्तन साधारण १.३८ जीबी. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

इमेज केली. आता आधी फोटोरेक लावायचं. नाव फोटोचं असलं तरी वेव्ह, एमपी३ सगळं शोधतं, फुकट आहे, सीजीसिक्युरिटीचं, टेस्टडिस्क सोबतच येतं. विंडोजवर त्यातलं `qphotorec_win` उघडा, कार्डाऐवजी `Add a raw disk image` मधून आपली इमेज द्या, `File Formats` मध्ये सगळं काढून फक्त riff आणि mp3 ठेवा नाहीतर हजार फालतू फाईली निघतील, `Whole` निवडा, फाईली कुठे ठेवायच्या ते लॅपटॉपवरचं फोल्डर द्या, कार्ड कधीच नाही, आणि `Search`. निघालेल्या फाईली `recup_dir.1` फोल्डरमध्ये येतात, नावं f0016384.wav असली विचित्र असतात, जुनी नावं मिळत नाहीत, ऐकून ओळखायच्या.

तुम्ही चुकून कार्ड फॉरमॅट केलंय किंवा फाईल डिलीट केलीय, पण त्यानंतर काही रेकॉर्ड केलं नाही, तर काम इथेच झालं, कारण क्विक फॉरमॅट फक्त यादी पुसतं, माल तिथेच असतो. विंडोजमध्ये `Quick Format` ची टिक काढून फॉरमॅट केलं असेल तर मात्र सगळीकडे शून्य लिहिली जातात, मग काही उरत नाही.

आपल्या उदाहरणात मात्र फोटोरेक पहिल्या दोन फाईली देतं आणि तिसरी देत नाही, कारण तेही हेडर वाचूनच चालतं आणि हेडरमध्ये लांबी नाही. इथे बहुतेक जण सोडून देतात. पण अजून एक रस्ता आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो: हेडरला विचारायचंच नाही, इमेज थेट आवाज म्हणून उघडायची.

ऑडॅसिटी उघडा, `File > Import > Raw Data`, तिथे इमेज फाईल निवडा. जी खिडकी येते त्यात हे भरा:

```
Encoding: Signed 16-bit PCM
Byte order: Little-endian
Channels: 2 Channels (Stereo)
Start offset: 1270000000 bytes
Amount to import: 10 %
Sample rate: 44100 Hz
```

ऑफसेट म्हणजे सुरुवातीचं किती सोडायचं, तो आपला १.२७ जीबीचा आकडा. १० टक्के म्हणजे साधारण दीड जीबी, कीर्तनाच्या १.३८ पेक्षा थोडं जास्तच. कार्डाच्या सुरुवातीला यादीसाठी काही एमबी राखीव असतात, त्यामुळे आपण किंचित आधी पडतो आणि पहिले काही सेकंद दुसऱ्या रेकॉर्डिंगचा शेवट ऐकू येतो, मग एक बारीक टक् असा आवाज, तो हेडर, आणि मग कीर्तन सुरू. शेवटी सेल संपला त्या जागी आवाज कापला जातो आणि पुढे शांतता, खरखर किंवा फॉरमॅटच्या आधीचं एखादं जुनं रेकॉर्डिंग येतं. पुढचं मागचं कापा, `Export` करून वेव्ह बनवा, झालं. शेवटची काही सेकंद जातात, ती रेकॉर्डरच्या आतल्या मेमरीतच होती, कार्डापर्यंत पोचलीच नाहीत.

नुसती जोरदार खरखर आली तर स्पीकर आधी कमी करा आणि ऑफसेट १ ने वाढवून बघा, एका सॅम्पलच्या दोन बाईटच्या मधोमध पडलो असू. २४ बिटवर रेकॉर्ड केलं असेल तर `Signed 24-bit PCM` घ्या आणि ऑफसेटच्या आकड्यात १ ते ५ पर्यंत एकेक मिळवून बघत जा, कुठेतरी आवाज स्वच्छ होतो. तिथे जागेचा हिशोबही दीडपट धरा. बुवांचा आवाज जाड आणि संथ येत असेल तर रेकॉर्डिंग ४८००० वर होतं, तो आकडा बदला. आणि हे सगळं वेव्हसाठी आहे, एमपी३ असं उघडत नाही, पण एमपी३ ची गोष्ट मुळात सोपी आहे, तिचे तुकडे सुटे सुटे असतात, अर्धी मिळाली तरी व्हीएलसीत वाजते.

हे जमतं कारण ताज्या फॉरमॅट केलेल्या कार्डावर रेकॉर्डर एकामागे एक सलग लिहीत जातो. मधल्या फाईली डिलीट करून करून वापरलेल्या कार्डावर एकच रेकॉर्डिंग चार ठिकाणी तुटलेलं असतं, तिथे आवाज मध्येच दुसऱ्यात उडी मारतो आणि तुकडे हाताने शोधून जोडावे लागतात. म्हणून डिलीट करत बसण्यापेक्षा दोन ठिकाणी कॉपी करून पूर्ण कार्ड फॉरमॅट करणं बरं.

फॉरमॅट, पण आता

सगळं मिळालं, ऐकून झालं, दुसरीकडे कॉपी पण झाली, की मग लॉकचा खटका परत उघडून फॉरमॅट. तेही रेकॉर्डरच्या मेनूतून, लॅपटॉपवर नाही, कारण रेकॉर्डर त्याला हव्या तशा फाईल सिस्टीमने आणि हव्या त्या फोल्डरांसकट करतो, डीआर-०५ स्वतःचे `MUSIC` आणि `UTILITY` फोल्डर बनवतो. सोनी पण हेच सांगतं. कार्डाची साईज बघा, एच१एनला ३२ जीबीपर्यंतच चालतं, ६४ चं कार्ड घालून "इनव्हॅलिड कार्ड" आलं तर ते बिघडलेलं नाही, त्या मशीनला मोठं होतंय. रेकॉर्डर ओळखतच नसेल तर एसडी असोसिएशनचं SD Memory Card Formatter लॅपटॉपवर वापरा, मग परत रेकॉर्डरमध्ये.

काही वेळा फाईल एररचं कारण अगदीच साधं असतं, लॅपटॉपवर फाईलचं नाव मराठीत बदलून परत कार्डात टाकली किंवा गाणं कापून वेगळ्या फॉरमॅटमध्ये टाकलं, रेकॉर्डरला ते वाचता येत नाही. तिथे कार्ड बिचारं ठीक आहे, ती एक फाईल काढली की झालं.

फॉरमॅट झाल्यावर कार्ड काढून लॅपटॉपला लावा आणि बघा. जुन्या फाईली तशाच परत दिसल्या तर कार्डाने लिहिणं बंद केलंय, आयुष्य संपत आलं की काही कार्ड असं करतात, वरवर "डन" म्हणतात आणि आत काही बदलत नाहीत. अशा कार्डाला परत रेकॉर्डरमध्ये घालू नका. नीट फॉरमॅट झालं तरी एकदा एच२टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर चालवा, ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं, वेळ लागतो, रात्री लावून झोपा. ३२ जीबी छापलेलं पण आत ८ चंच असलेलं नकली कार्ड यातच पकडलं जातं, आणि "पहिली काही रेकॉर्डिंग बरोबर, मग सगळीकडे एरर" अशी तक्रार असेल तर मी आधी तीच शंका घेतो.